अर्धा तास कोणाबरोबर? उतारवयातल्या मोजक्या नात्यांमागचा सिद्धांत

समजा, आज तुम्हाला अर्धा तास मोकळा मिळाला आहे, हातात कसलंही काम नाही आणि कोणाशी तरी गप्पा मारायची इच्छा आहे. तिघं तयार आहेत. एक तुमच्या घरातलं जवळचं माणूस. दुसरा, तुम्ही नुकतंच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक. तिसरी एक नवी ओळख, जिच्याशी तुमचं बरंच जुळेल असं वाटतं. कोणाला निवडाल?

बार्बरा फ्रेडरिकसन आणि लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारला आणि त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये मांडले. वयस्कर मंडळींचा कल ठळकपणे घरच्या माणसाकडे होता. तरुणांमध्ये तसा एका बाजूचा कल दिसला नाही. यात नवल काय, असं कोणीही म्हणेल. पण याचं कारण शोधताना जे हाती लागलं, त्याने म्हातारपणाकडे बघायची शास्त्राची नजर बदलली.

तोवरची नजर कशी होती, ते आधी बघू. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये पन्नाशी ते नव्वदीच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला होता. त्यावरून एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलं की वय वाढतं तसा माणूस समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याच्यातून हळूहळू मोकळा होतो, आणि हे दोघांच्या सोयीचंच असतं. याच अभ्यासाशी जोडलेल्या रॉबर्ट हॅविगहर्स्टचं मत अगदी उलटं होतं. माणसाने जितकं मिसळत राहावं तितका तो समाधानी, असं तो म्हणे. वृद्धाश्रमांतून सगळ्यांना दिवाणखान्यात एकत्र बसवून कार्यक्रम करायची जी धडपड दिसते, तिच्यामागे हाच विचार आहे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती. भेटीगाठी कमी झाल्या म्हणजे काहीतरी गळून पडलं. ते माणसाने स्वतः निवडलेलं असू शकतं, हा विचार मागेच राहिला.

कार्स्टेन्सन या प्रश्नापाशी पुस्तकांतून आल्या नव्हत्या. १९७४ मध्ये, एकवीस वर्षांच्या असताना, त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. पाय वर टांगलेला, अशा अवस्थेत त्या कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये पडून होत्या आणि वॉर्डात आजूबाजूला म्हाताऱ्या बायका होत्या. आपल्यात आणि या बायकांमध्ये फारसा फरक उरलेला नाही, हे त्यांच्या तिथेच लक्षात आलं. मरण जवळून पाहिल्यावर त्यांना घरचे आणि जवळचे तेवढे महत्त्वाचे वाटू लागले, बाकीचं मागे पडलं. प्राध्यापक असलेले त्यांचे वडील मानसशास्त्राच्या तासांना बसून लेकीसाठी टेप करून आणत. त्यांचं शिक्षण तिथून पुन्हा सुरू झालं.

त्यांच्या सिद्धांताला सोशिओइमोशनल सिलेक्टिव्हिटी थिअरी म्हणतात. आपण मराठीत सामाजिक-भावनिक निवडीचा सिद्धांत म्हणू. त्याचं म्हणणं सोपं आहे. पुढे भरपूर काळ आहे असं वाटतं तेव्हा माणूस नव्या ओळखी आणि नवी माहिती गोळा करतो. त्यातल्या बऱ्याच भेटी कंटाळवाण्या निघाल्या तरी चालतं, कारण उपयोग पुढे होईल. काळ थोडा उरला आहे असं वाटलं की 'पुढे'चा हिशेब संपतो. मग आत्ता ज्याच्याजवळ बसून बरं वाटतं, तोच माणूस हवासा होतो. म्हणजे मूळ कारण वय नसून उरलेल्या काळाची जाणीव आहे. एरवी या दोन गोष्टी इतक्या एकत्र चालतात की त्यांची फारकत करणंच अवघड.

ती करण्यासाठी त्यांनी अर्ध्या तासाचा प्रश्नच जरा बदलून विचारला. तरुणांना सांगितलं, समजा तुम्ही लवकरच एकटेच दूर, आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायला जाणार आहात. आता कोण हवं? तरुणही म्हाताऱ्यांसारखं घरच्या माणसाकडे वळले. पुढे वयस्करांना उलट सांगितलं, समजा डॉक्टरांचा फोन आला की नव्या उपचाराने तुम्ही अजून वीस वर्षं ठणठणीत जगाल. घरच्यांकडचा त्यांचा ओढा ओसरला. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत हलवून जाते. नव्या माणसांत मन रमवण्याची ताकद त्यांच्यात शाबूत होती, फक्त तेवढा काळ दिसत नव्हता.

कल्पना करायला सांगणं निराळं आणि खरा शेवट समोर दिसणं निराळं. तशी संधी हाँगकाँगने दिली. १ जुलै १९९७ ला ब्रिटिश राज्य संपून शहर चीनकडे जाणार होतं, आणि अनेकांना तो एका युगाचा अंत वाटत होता. हेलेन फंग आणि सहकाऱ्यांनी तिथे तोच प्रश्न विचारला. हस्तांतराला वर्ष बाकी होतं तेव्हा नेहमीचाच फरक दिसला, ज्येष्ठ जवळच्यांकडे आणि तरुण तसे नाहीत. दिवस अगदी तोंडावर आले तेव्हा तरुणांनीही जवळचंच माणूस निवडलं. वर्ष उलटलं, जगणं सुरळीत झालं आणि तरुण पुन्हा आपल्या जागी परतले. काही महिन्यांत त्यांचं वय असं किती वाढणार होतं?

एक रास्त शंका उरतेच. म्हाताऱ्यांचा गोतावळा लहान होतो तो सोबतचे एकेक जण जातात म्हणून, यात निवड कसली? त्याचं उत्तर बर्लिनमध्ये सापडतं. तिथे सत्तरी ते १०४ वर्षांच्या १५६ जणांना फ्रीडर लांग आणि कार्स्टेन्सन यांनी तपासलं. मोजायची पद्धत घरी करून बघण्यासारखी आहे. कागदावर एकात एक अशी तीन वर्तुळं काढायची. ज्यांच्याशिवाय जगणं अवघड ते सर्वांत आत, थोडे कमी जवळचे मधे, उरलेले बाहेर. अतिवृद्धांचा एकूण गोतावळा तुलनेने तरुण वृद्धांच्या जेमतेम निम्मा निघाला, पण आतल्या वर्तुळातल्या माणसांची संख्या जवळपास तेवढीच होती. गळती काठावर होती. शिवाय ती उतारवयात सुरूही होत नाही. कार्स्टेन्सन यांनी अठराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत पुन्हा पुन्हा मुलाखती झालेल्या पन्नास जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नुसत्या ओळखीपाळखीच्या लोकांशी संपर्क तरुणपणापासूनच घटत गेलेला दिसला.

माझी आत्या 'आताशा कुठे जात नाही' असं म्हणायला लागली तेव्हा आम्ही तिला ज्येष्ठ नागरिक संघात नेऊन बसवायचो. ती दोन दिवस जायची आणि तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला फोन लावून तासभर बोलायची. आज मी त्या कागदावर तिची वर्तुळं काढून बघितली असती. आतलं वर्तुळ भरलेलं असेल तर त्या बाईला ओढून नेण्याची गरज नाही. तेच रिकामं झालं असेल, तर मात्र ही निवड नव्हे, तो एकटेपणा आहे, आणि तिथे हा सिद्धांत पुढे करून गप्प बसणं चूक आहे.

२०२० मध्ये सिद्धांताला एक अवघड धक्काही बसला. युगांडातल्या किबाले जंगलात वीस वर्षं टिपलेल्या नोंदींवरून २१ नर चिंपांझींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुण नरांच्या बऱ्याच मैत्र्या एकतर्फी होत्या. म्हाताऱ्या नरांच्या मैत्र्या दोन्ही बाजूंनी जुळलेल्या होत्या, आणि भांडणंही कमी. आपलं आयुष्य किती उरलं याचा विचार चिंपांझी करतात, असं मानायला काहीच आधार नाही. तेव्हा वाढत्या वयात थोडक्या पण घट्ट सोबतीकडे वळण्याची मुळं काळाच्या जाणिवेपेक्षा जुनी असू शकतात. पण हाँगकाँगच्या तरुणांचं ते काही महिन्यांपुरतं वळणं आणि परत फिरणं या मुळांनी उलगडत नाही. त्यासाठी उरलेला काळ मोजणारं मन लागतंच.