‘डिपर चोक हुई गयं’ आणि चाळीस मिनिटांचा व्हिडिओ

खान्देशातल्या ठिबक कंपनीचा व्हिडिओसंग्रह कसा असतो, हे तिथे काम केलेल्यांना ठाऊक आहे. कृषितज्ज्ञाने रावेरच्या केळीबागेत उभं राहून चाळीस मिनिटं समजावलेलं असतं आणि फाइलचं नाव असतं ‘फायनल 2 नवीन’. साक्रीहून फिल्डवरचा मुलगा फोन करतो, ‘डिपर चोक हुई गयं, पानी येत नही.’ म्हणजे थेंब-थेंब पाणी सोडणारा ड्रीपर तुंबलाय. उत्तर त्याच व्हिडिओत सतराव्या मिनिटाला आहे. पण तिथे तज्ज्ञ ड्रीपर बसवलेल्या नळीबद्दल बोलतोय ‘लॅटरलमधले क्षार’ आणि ‘आम्ल प्रक्रिया’. ‘चोक’ हा शब्द त्याने एकदाही उच्चारलेला नाही. मग शब्द न जुळताही अर्थावरून तो तुकडा शोधायचा कसा, ते पाहू.

बोलणं कागदावर उतरवून त्यात शोधायची कल्पना जुनी आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाने 1994 मध्ये ‘इन्फॉर्मेडिया’ प्रकल्प सुरू केला. यंत्राने व्हिडिओतलं बोलणं ऐकून लिहायचं आणि त्या मजकुरावरून नेमका तुकडा काढायचा, ही आजची चौकट त्यात होती. आपल्याकडे ती पोहोचायला उशीर झाला, कारण मराठी ऐकून बरं लिहिणारं, सहज वापरता येईल असं मोफत साधन फारसं नव्हतं. सप्टेंबर 2022 मध्ये ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ हे बोलणं लिहून देणारं मॉडेल खुलं झालं आणि वेळेच्या नोंदींसह मराठी मजकूर घरच्या संगणकावर मिळू लागला. तो सुबक असतो असं नाही. ठिबकमधून खत सोडायच्या ‘व्हेंच्युरी’चे एका व्हिडिओत तीन अवतार दिसतात. पंप नुसता घरघरतोय आणि कोणी बोलत नाही, अशा जागी व्हिस्पर स्वतःच्या मनाने वाक्य घालतं. एकच ओळ लागोपाठ पाच-सहा वेळा आली की ओळखायचं, इथे बोलणं नव्हतंच. म्हणून आधी बोलणं नसलेल्या जागा गाळून मगच लिहायला देणं बरं.

मजकूर हाती आला तरी ‘चोक’ आणि ‘क्षार’ यांची गाठ पडत नाही. त्यासाठी दुसरा धागा लागतो. जेरार्ड सॅल्टन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मजकुराला आकड्यांची रांग, म्हणजे सदिश, मानून जवळ-लांब मोजायची पद्धत मांडली. पण त्या रांगेत प्रत्येक शब्दाचं घर वेगळं, त्यामुळे वेगळा शब्द म्हणजे वेगळा अर्थ. 2013 च्या ‘वर्ड2व्हेक’ने सारख्या शेजारात वावरणारे शब्द जवळ आणले. खरा उपयोग झाला तो ‘बर्ट’ या भाषा-मॉडेलवर बेतलेल्या, अख्ख्या वाक्याचा सदिश काढणाऱ्या 2019 च्या ‘सेंटेन्स-बर्ट’चा. दहा हजार वाक्यांतली सर्वांत जवळची जोडी शोधायला ‘बर्ट’ला सुमारे 65 तास लागत, प्रत्येक वाक्याचा सदिश एकदाच काढून ठेवल्यावर तेच काम सुमारे 5 सेकंदांत झालं. पुण्याच्या एल3क्यूब गटाने 2022 मध्ये खास मराठीसाठी ‘महाएसबर्ट’ही आणलं.

आता आपला व्हिडिओ घ्या. मिनिटाला शंभर शब्द धरले तर चार हजार शब्द होतात. सगळ्यांचा मिळून एकच सदिश काढला तर फिल्टर, खत, क्षार यांची खिचडी होते, आणि शिवाय बरीच मॉडेलं मजकूर टोकन नावाच्या बारीक तुकड्यांत मोजतात आणि 512 टोकनांनंतरचा भाग गुपचूप कापतात. एका मराठी शब्दाची अनेकदा दोन-तीन टोकनं होतात, म्हणजे दोनशे शब्दांतच कात्री लागू शकते. म्हणून पाऊण मिनिटाचे, साधारण पंचाहत्तर शब्दांचे तुकडे पाडायचे आणि मागच्या तुकड्याची शेवटची दोन वाक्यं पुढच्यात घ्यायची. नाहीतर ‘हे झाल्यावर’ने सुरू होणारा तुकडा कशाबद्दल आहे तेच कळत नाही. प्रत्येकासोबत फाइलचं नाव आणि सुरुवातीचा सेकंद ठेवायचा. सदिश काढायला `multilingual-e5` हे बहुभाषिक मॉडेल वापरलं तर प्रश्न आणि तुकडा यांना वेगळी खूण लावावी लागते. ती विसरली तर चूक दिसत नाही, निकाल मात्र ढिले पडतात:

```
query: ड्रीपर चोक झालाय, पाणी येत नाही
passage: लॅटरलमध्ये क्षार साचले की प्रवाह कमी होतो
```

इथे प्रश्न मराठीत लिहिलाय, हे बघा. ‘हुई गयं’ तसंच टाकलं तर मॉडेल ‘चोक’ आणि ‘पानी’ एवढ्यावरच अंदाज बांधतं, कारण अहिराणी त्याने फारशी वाचलेलीच नसते. फिल्डवरच्या पोरांचे पन्नास खरे प्रश्न आणि प्रत्येकाचं बरोबर मिनिट वहीत लिहून तपासल्याशिवाय यावर भरवसा ठेवू नये, असं माझं मत.

आकड्यांत तर ही पद्धत कच्चीच आहे. ताशी ‘4 लिटर’ आणि ‘8 लिटर’चा ड्रीपर तिला भाऊ-भाऊ वाटतात. तिथे जुनी शब्दशः शोधाची पद्धत सोबत चालवावी आणि दोन्ही याद्या एकत्र कराव्यात. त्याहून धोक्याचं म्हणजे, ‘पाण्यात आम्ल ओता’ आणि ‘आम्लात पाणी ओता’ यांचे सदिश जवळजवळ सारखे येतात. पहिलं बरोबर, दुसऱ्याने आम्ल उसळून तोंडावर येतं. म्हणून निकालात मजकुराची ओळ न देता व्हिडिओच त्या सेकंदाच्या थोडा आधीपासून सुरू करावा: तज्ज्ञ पाण्याच्या बादलीत आम्लाची बाटली ओततोय की उलट, ते मुलाला दिसतं.