गाडीतून निवृत्त, घरात रुजू: जुन्या बॅटरीत जीव किती उरलाय?

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी मूळ क्षमतेच्या 70-80 टक्क्यांवर आली की गाडीसाठी ती थकलेली मानतात. घरासाठी तसं नाही. निस्सान लीफच्या पहिल्या मॉडेलचंच बघा. बॅटरी 24 युनिटची (म्हणजे 24 किलोवॅट-तासांची) आणि मोटर 80 किलोवॅटची. पूर्ण जोर लावला तर मोटर बॅटरीकडून इतक्या वेगाने वीज मागते, की त्या वेगाने ती 20 मिनिटंही पुरणार नाही. घरात मात्र 5 युनिटच्या साठ्यावर दिवे, पंखे, फ्रिज मिळून एखादा किलोवॅट भार असतो. इतकं काम थकलेली बॅटरीही निवांत करते. फक्त तिच्यात नेमकं किती उरलंय, हे आधी कळायला हवं.

व्होल्टमीटर लावून ते कळत नाही, आणि अनेक जण इथेच फसतात. वर्षानुवर्षांच्या चार्जिंगमध्ये बॅटरीच्या सेलमधल्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक थर जमत जातो आणि काही लिथियम त्यात कायमचं अडकतं. गाळ साचलेल्या तलावासारखं हे आहे. पाणी काठापर्यंत दिसतं, पण मावतं कमी. पूर्ण चार्ज केलेला जुना सेलही नव्यासारखाच सुमारे 4.2 व्होल्ट दाखवतो. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा हा तर संगणकाने बांधलेला अंदाज, आणि तोही संपूर्ण बॅटरीचा मिळून. आतल्या एखाद्या कमजोर मॉड्यूलचा, म्हणजे सेलच्या एखाद्या गटाचा, त्यावरून पत्ता लागत नाही.

म्हणून खरी मोजणी एकच: पूर्ण भरा, पूर्ण रिकामी करा आणि बाहेर काय आलं ते मोजा. लीफच्या त्या बॅटरीत 48 मॉड्यूल असतात. प्रत्येकात चार सेल, दोन-दोनच्या समांतर जोड्या करून त्या एकामागे एक जोडलेल्या. नवं मॉड्यूल साधारण 66 अँपिअर-तासांचं. ते 25 अंशांच्या आसपास पूर्ण चार्ज करायचं, थोडं थांबायचं आणि 20 अँपिअरच्या स्थिर प्रवाहाने उतरवायचं. समजा, 2 तास 24 मिनिटांनी सेल 3 व्होल्टच्या तळाला टेकला. 20 गुणिले 2.4 म्हणजे 48 अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ 73 टक्के. हीच चाचणी थंडीत केली तर आकडा कमी येईल आणि चांगलं मॉड्यूल उगाच बाद होईल.

इथे एक बारकावा आहे. मॉड्यूलला तीन टर्मिनल असतात, त्यातलं मधलं दोन जोड्यांच्या सांध्याचं. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर एकूण व्होल्टेज 6 दिसतं आणि सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात एक जोडी 3.4 वर आणि दुसरी 2.6 वर असू शकते. चाचणी थांबवायची ती आधी तळ गाठणाऱ्या जोडीवर.

आता अशी सात मॉड्यूल एकामागे एक जोडली की सुमारे 52 व्होल्टची माळ होते. 48 अँपिअर-तासांप्रमाणे तिच्यात अडीच युनिट, आणि अशा दोन माळा समांतर जोडल्या की पाच. पण एका माळेतलं एकच मॉड्यूल 41 चं निघालं, तर ती अख्खी माळ 41 वरच थांबते. बाकीच्या सहांमधली उरलेली वीज आतच राहते. आणि थांबवली नाही तर आणखी वाईट. कमजोर सेल फारच खाली खेचला गेला की त्यातला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगला तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. म्हणून मॉड्यूल निवडताना सरासरी चांगली असून भागत नाही, ती एकमेकांसारखी असावी लागतात. आणि नंतरही बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, हवंच; तेही प्रत्येक जोडीवर नजर ठेवणारं, केवळ एकूण व्होल्टेज बघणारं नव्हे.

आणखी दोन तपासण्या करतात. एक अंतर्गत रोधाची: प्रवाह 10 वरून एकदम 50 अँपिअर केला आणि व्होल्टेज 0.16 ने पडलं, तर रोध 4 मिलिओहम. घरच्या हलक्या भाराला एवढा रोध फारसा जाणवत नाही, पण बाकी सगळी 4 वर असताना एकच 7 दाखवत असेल तर त्याला बाजूला काढावं. दुसरी तपासणी केवळ धीराची. भरलेली मॉड्यूल दोन आठवडे नुसती ठेवायची. ज्याचं व्होल्टेज इतरांहून भराभर उतरतं, त्याच्या आत गळती आहे. क्षमता कितीही चांगली आलेली असो, ते घरात नको. फुगलेलं मॉड्यूल तर चाचणीलाही लावू नये.

हे सगळं करूनही आकडा आजचाच असतो. काही सेल वर्षानुवर्षं सावकाश झिजतात आणि मग एकदम कोसळतात, विशेषतः कडक थंडीत जलद चार्जिंग झालेले. तो इतिहास एका चाचणीत दिसत नाही. त्यामुळे जाणकार घरात बॅटरी पूर्ण भरतही नाहीत आणि पूर्ण उतरवतही नाहीत. पाचातली चारच युनिट वापरायला धरतात, आणि वर्षाकाठी त्याच प्रवाहाने, त्याच तापमानाला पुन्हा मोजतात. दरवर्षी एखादा अँपिअर-तास घटणाऱ्या मॉड्यूलने अचानक चार गमावले, तर ते बदलायची वेळ झाली. ही कामं मॉड्यूल सुटी झाल्यानंतरची. लीफची अख्खी बॅटरी साडेतीनशे व्होल्टच्या वर असते. ती उघडणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम.