बाळाचं सनस्क्रीन आणि डासांचं क्रीम : ट्यूब उघडण्याआधी हे वाचा

पावसाळा सरला की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमच्या काउंटरवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो : "ऊन आणि डास, दोन्हींसाठी मिळून एकच क्रीम नाही का?" अशी दोन्ही कामांची ट्यूब बाजारात मिळते, पण आम्ही ती ठेवत नाही. बाळांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ याच एका गोष्टीतून होतो, म्हणून कारण जरा सविस्तर सांगतो.

सनस्क्रीन भरपूर लावायचं असतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. घाम आला, बाळ पाण्यात खेळलं, टॉवेलने अंग पुसलं, तर त्याआधीही. डासांच्या क्रीमचं बरोबर उलट आहे. त्याचा पातळ हात पुरतो, आणि ते उठसूट लावायचं नसतं. दोन्ही एका ट्यूबमध्ये आली की उन्हासाठी म्हणून तुम्ही दोन-दोन तासांनी हात फिरवता आणि डासांचं औषध बाळाच्या अंगावर गरजेच्या कितीतरी पट बसतं. ते टाळायला कमी लावलं, तर उन्हापासूनचं संरक्षण जातं. म्हणून ट्यूब दोन, वेळा दोन, वयाचे नियमही दोन.

बाळाचं वय आम्ही महिन्यांत का विचारतो

काही जणांना हा प्रश्न खटकतो. "पुढे 'बेबी' लिहिलंय ना, मग द्या की," असं ऐकावं लागतं. पण 'बेबी' म्हणजे दोन महिन्यांचंही आणि दोन वर्षांचंही, आणि या दोघांसाठी उत्तर एक नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आम्ही सनस्क्रीन देत नाही. या वयात वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्वचा पातळ असते, त्यामुळे लावलेलं अंगात जास्त शिरतं. सावली, पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं आणि मानेवर सावली पाडणारी रुंद काठाची टोपी एवढं पुरतं. सावली मिळणारच नसेल, तर चेहरा आणि तळहाताच्या मागची बाजू इतक्याच जागेला थोडं लावायला हरकत नसते, पण ते बालरोगतज्ज्ञांना विचारून. घरातल्या आजी विचारतात, मग कोवळं ऊन दाखवायचं नाही का? आमचा रोख दहा ते चारच्या उन्हावर आहे. ड जीवनसत्त्वासाठी म्हणाल, तर डॉक्टर रोजचे थेंब देतात, त्यासाठी बाळाला उन्हात ठेवायची गरज नाही.

डासांचं क्रीम किंवा स्प्रे दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलंच नाही. त्याला मच्छरदाणीच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही ती लावायची. बाबागाडीवर बसणारी लवचिक काठाची जाळी आमच्याकडे आहे, आणि लहान बाळासाठी कोणी विचारलं तर क्रीमऐवजी आम्ही आधी तीच दाखवतो.

मागची बाजू वाचा

सनस्क्रीनवर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड शोधा. ही खनिजं त्वचेवरच राहतात, आत फारशी शिरत नाहीत. एसपीएफ ३० पुरेसा आहे, सोबत पीए+++ असावं. सुगंध नको, ऑक्सिबेन्झोन नको. झिंकचं क्रीम अंगावर थोडं पांढरं दिसतं, आणि "पांढरं पडतं" म्हणून बरेच जण ट्यूब परत आणतात. ट्यूबमध्ये काही बिघडलेलं नसतं. तो थर दिसेनासा व्हावा म्हणून घासत बसू नका.

डासांसाठी डीट किंवा पिकारिडिन. डीट ३० टक्क्यांच्या वर नको. हा आकडा ताकदीचा नाही, टिकण्याचा आहे : १० टक्के साधारण दोन तास, ३० टक्के साधारण पाच तास. तासाभराच्या फेरीसाठी कमी टक्क्याचंच घ्या. अमेरिकेहून मावशीने आणलेला स्प्रे असेल, तर आधी त्यावरचा आकडा बघा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबवर डायइथाइल बेंझामाइड असं नाव असतं. ते डीट नव्हे, त्याला त्या ट्यूबवरची वयाची सूचनाच पाळायची.

आणि 'नैसर्गिक' या शब्दावर जाऊ नका. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नसतं. कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि बाळ तर हाताला लागेल ते तोंडात घालतं. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधायची सवय असेल, तर ती सोडा.

लावायचं कसं

समजा, नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन तुम्ही दापोलीला समुद्रावर गेला आहात. आदल्या दिवशी दोन्ही क्रीमं हाताच्या आतल्या बाजूला, वेगवेगळ्या जागी, ठिपक्याएवढी लावून पाहा. लाली किंवा पुरळ नसेल तर पुढे जा. साडेतीनला निघायचं असेल तर सव्वातीनला सनस्क्रीन. चेहरा, कान, मान, हात आणि गुडघ्याखालचे पाय मिळून चहाचा साधारण अर्धा चमचा लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. पापण्या आणि तळहात सोडा.

पाचच्या सुमाराला डास सुरू होतील. तेव्हा डासांचं क्रीम आधी स्वतःच्या तळहातावर घ्या आणि बाळाच्या उघड्या भागावर पातळ फिरवा. डोळ्यांभोवती, ओठांजवळ, बाळाच्या हाताच्या पंजांवर, खरचटलेल्या जागी नाही, कपड्यांच्या आतही नाही. स्प्रे बाळाच्या अंगावर थेट मारू नका, तो श्वासात जातो. सव्वापाचला सनस्क्रीनचे दोन तास भरतील, पण ऊन उतरलेलं असेल, म्हणून ते पुन्हा लावायची गरज नाही.

भर दुपारी झाडीच्या जागी जायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते सुकलं की वरून डासांचं क्रीम. दोन तासांनी फक्त सनस्क्रीन पुन्हा. डीट वर असलं की सनस्क्रीनचा एसपीएफ सुमारे एक-तृतीयांश घटतो, त्यामुळे अशा दिवशी टोपी आणि सावली जास्त सांभाळा. ऑक्सिबेन्झोन नको म्हणण्याचं एक कारण हेही आहे : त्यामुळे डीट त्वचेतून जास्त आत जातं.

घरी आल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने अंग धुवा, कपडे बदला. डासांचं क्रीम अंगावर ठेवून बाळाला झोपवू नका, रात्री मच्छरदाणी आहेच. अंगावर गांधी उठल्या किंवा लाली आली तर धुऊन टाका, वापर थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना ट्यूब सोबत न्या. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा.

उघडलेली ट्यूब आम्ही परत घेत नाही, कारण ती दुसऱ्या बाळाला देता येत नाही. त्याऐवजी आम्ही छोट्या ट्यूब ठेवल्या आहेत आणि काउंटरवर चाचणीपुरतं क्रीम तुमच्यासमोर काढून देतो. ते बाळाला लावून एक दिवस बघा आणि मग मोठी न्या. घरात जुनी ट्यूब पडली असेल तर तीही घेऊन या, मागची बाजू वाचून चालेल की नाही ते सांगू. विकत काही घ्यायलाच हवं असं नाही.