सकाळची काख, संध्याकाळचा कान

वहिनीचा ताप उतरून चार दिवस झाले होते, तरी दादा रोज थर्मामीटर लावतच होता. सकाळी सहाला काखेत 97.3 आणि संध्याकाळी पाचला कानात 99.4. "दोन डिग्रीनं चढलाय गं," असा त्याचा फोन आला आणि मी तडक कोथरूडला पोचले. वहिनी ठणठणीत होती, भूकही नीट लागत होती. मग हे दोन डिग्री आले कुठून?

यातला साधारण एक डिग्री घड्याळाचा. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक छोटा पुंजका शरीराचं दैनंदिन घड्याळ चालवतो. रात्री तो हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावायला लावतो. झोपेच्या वेळी तळपाय कोमट लागतात ते यामुळेच. तिथून उष्णता बाहेर जाते आणि पोटातलं, छातीतलं तापमान पहाटेपर्यंत उतरत राहतं. मग ते चढू लागतं आणि दुपारी चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. दिवसभर अंथरुणात पडून राहिलं तरी हा चढउतार होतोच.

उरलेला फरक जागेचा. काखेत आपण खरं तर त्वचेचं तापमान मोजतो. हात अंगाशी घट्ट दाबून ठेवला नाही किंवा काखेत घाम असला, तर आकडा आणखी खाली येतो. कानातलं यंत्र पडद्याकडून येणारे अवरक्त किरण टिपतं. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताच्या जवळच्या, म्हणून हा आकडा आतल्या तापमानाच्या जवळ जातो. मात्र कानाची पाळी मागे-वर ओढून नळी सरळ केली नाही, तर यंत्राला पडद्याऐवजी नळीची थंड भिंत दिसते. कपाळाचं यंत्र त्वचेचं तापमान घेऊन त्यावरून आतलं तापमान ताडतं. त्यामुळे मे महिन्यात उन्हातून स्कूटरवर आलेल्या माणसाचा किंवा पंख्याखाली घाम वाळवत बसलेल्या माणसाचा आकडा सहज फसवा येतो. 'काखेच्या आकड्यात एक मिळवा' हा घरोघरचा हिशेबही प्रत्येक वेळी जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीचं तापमान दोन्ही वेळा तोंडातच, जिभेखाली घ्यायला लावलं, आणि तेही चहानंतर वीस मिनिटं थांबून. सकाळी सहाला 97.8, संध्याकाळी पाचला 98.7. म्हणजे ताप नव्हता.

98.6 हा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांच्या नोंदींमुळे रूढ झाला आणि त्या नोंदी काखेतल्या होत्या. 1992 साली अमेरिकेत 148 निरोगी प्रौढांचं तापमान तोंडात मोजलं, तेव्हा सरासरी 98.2 आली. निरोगीपणाची वरची मर्यादा पहाटे 98.9 आणि संध्याकाळी 99.9 निघाली. म्हणून दादाला मी सांगितलं, की संध्याकाळच्या 99.4 ला घाबरू नकोस, पण तोच आकडा पहाटे सहाला तोंडात दिसला तर मला लगेच फोन कर.