हिमोग्लोबिनच्या खालची ओळ: एमसीव्ही

हिमोग्लोबिन कमी आलं की घरात बीट येतं आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बिटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नव्हे. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावी होत नाही. तो कशामुळे झाला याचा पहिला धागा रक्तपेशी मोजणाऱ्या त्याच सीबीसी रिपोर्टमध्ये असतो: एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. प्रौढांमध्ये ते साधारण ८० ते १०० फेमटोलिटर असतं.

हा आकार ठरतो अस्थिमज्जेत. तिथे तांबड्या पेशीची पूर्वज पेशी पुन्हा पुन्हा विभागते, आणि त्याच वेळी तिच्यात हिमोग्लोबिन साठत जातं. ते पुरेसं दाट झालं की विभाजन थांबतं, असं मानतात. लोह कमी असेल तर हा टप्पा उशिरा येतो, विभाजनं वाढतात आणि पेशी लहान निपजते. बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं तर नेमकं उलट घडतं. डीएनए वेळेवर तयार होत नाही, विभाजन रखडतं, पण हिमोग्लोबिन भरत राहतं आणि पेशी मोठी होते. म्हणून एमसीव्ही १००च्या वर असेल तर बी-१२ आणि फोलेट तपासतात. दारू, यकृत आणि थायरॉइडचाही विचार करतात. आकार नॉर्मल असेल तर नुकताच झालेला रक्तस्राव, मूत्रपिंडाचा आजार किंवा जुनाट दाह शोधतात.

खरी गंमत लहान पेशींत आहे. समजा, एका गर्भवतीचं हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ६२ आणि तांबड्या पेशी दर मायक्रोलिटरला ५६ लाख आहेत. लोह नसेल तर मज्जा पेशीही कमीच बनवते. इथे पेशी फारच लहान आहेत, पण संख्येने भरपूर. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागा: ६२ भागिले ५.६, म्हणजे ११. हा मेंट्झर निर्देशांक. तो १३च्या खाली असला की बीटा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाचा संशय येतो. एमसीव्ही ७० आणि पेशी ४० लाख असत्या, तर तो १७.५ आला असता आणि बोट लोहाकडे गेलं असतं.

पण हा फक्त अंदाज. लोहासाठी फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, पाहावं लागतं, आणि अंगात दाह असला तर फेरिटिन फसवं वाढतं. वाहक ओळखायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-२ साधारण ३.५ टक्क्यांहून जास्त दिसावं लागतं. लोहाची कमतरता सोबत असेल तर हाच आकडा खाली येऊन वाहक निसटू शकतो. या बाईंचा एचपीएलसी वाहक दाखवत असेल, तर नवऱ्याची तपासणी लगेच करायची, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला थॅलेसेमिया मेजर या आजाराच्या गंभीर रूपाची शक्यता २५ टक्के असते.

आणखी एक फसगत शाकाहारी घरांत दिसते. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले की लहान-मोठ्या पेशींची सरासरी नॉर्मल येते. तेव्हा आरडीडब्ल्यू पाहा, तो पेशींच्या आकारातली तफावत सांगतो. तो वाढलेला असेल, तर नॉर्मल एमसीव्हीवर विसंबू नका. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा.