हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात मिरची होती का?

सोलापूरबद्दल दोन दावे फोनवरून सतत फिरत असतात. पहिला म्हणजे आपली लाल शेंगा चटणी हजार वर्षं जुनी आहे. त्या काळात मिरचीचा उल्लेख कुठे सापडत नाही असं सांगितलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘उल्लेख नाही म्हणजे मिरची नव्हती, असं कुठं सिद्ध होतं?’ दुसरा दावा म्हणजे कुडलचा शिलालेख शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा आहे, म्हणून मराठी त्या साली भीमा-सीनेच्या संगमावर जन्मली. पहिल्या दाव्यात कागदपत्रांच्या मौनाला काडीची किंमत नाही, तर दुसऱ्यात त्याच मौनावर अख्ख्या भाषेची जन्मतारीख ठरवली आहे. खरं तर हिशोब नेमका उलटा लागतो, आणि तो लावायची पद्धत शिकण्यासारखी आहे.

आधी मिरची घेऊ. बाराव्या शतकात सोलापूरच्या परिसरावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. हत्ती, रत्नं, संगीत, शिकार, औषधं असं राजाच्या जगण्यातलं सगळं त्यात आहे, आणि जेवणावर एक भरघोस प्रकरण आहे. मिरे, आलं, जिरं, हिंग, हळद, सैंधव कशात घालायचं ते तो सांगतो. कासव कसं शिजवायचं, शेतातले उंदीर कसे भाजायचे हेही सांगायला तो संकोचत नाही. या संपूर्ण प्रकरणात तिखटपणासाठी मिरे आहेत, आलं आहे. मिरची मात्र कुठेही नाही.

या ‘नाही’चं वजन किती? लांग्ल्वा आणि सेन्योबो या फ्रेंच इतिहासकारांनी 1898 साली त्यासाठी कडक अटी घातल्या. लिहिणाऱ्याने त्या प्रकारच्या सगळ्या गोष्टी नोंदवायचं मनावर घेतलेलं हवं, त्याला त्या माहीत असायला हव्यात, आणि ती गोष्ट त्याच्या नजरेतून सुटण्यासारखी नसावी. सोमेश्वर तिन्ही अटींत बसतो.

आता हेच आकड्यांत मांडू. दोन प्रश्न विचारायचे. मिरची त्या मुदपाकखान्यात असती, तर हा ग्रंथ तिच्याबद्दल गप्प राहण्याची शक्यता किती? आणि मिरची नसती, तर गप्प राहण्याची शक्यता किती? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: शंभरात शंभर. पहिल्याचं उत्तर आपण अंदाजाने धरू. एखादं पान गळालं असेल, नकलाकाराने ओळ खाल्ली असेल, राजाला मिरची आवडत नसेल, हे सगळं जमेस धरून शंभरात पाच म्हणू. शंभर भागिले पाच म्हणजे वीस. सुरुवातीला आपला कौल ‘होती’ आणि ‘नव्हती’ यांत समसमान असेल, तर ग्रंथ वाचून झाल्यावर तो एकास वीस होतो. ‘होती’ची शक्यता पन्नास टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्याही खाली येते. मौन किती बोलतं, ते या एका भागाकारावरून कळतं. आणि वनस्पतिशास्त्र वेगळ्या वाटेने तिथेच पोचतं: मिरचीचे रानटी भाऊबंद अमेरिका खंडात आहेत, भुईमुगाचेही तिथलेच, आणि ही पिकं समुद्र ओलांडून आली ती 1492 नंतर.

पण वीस हा आकडा सोमेश्वराच्या स्वयंपाकघरापुरताच आहे. अबुल फजलचा ‘आईन-इ-अकबरी’ 1590 च्या सुमाराचा. त्यात मसाल्यांचे भाव दिले आहेत, पदार्थांचं साहित्य दिलं आहे, आणि मिरची तिथेही नाही. तरीही यावरून ‘1590 मध्ये हिंदुस्थानात मिरची नव्हती’ असं म्हटलं तर चूक होईल, कारण तोवर पोर्तुगीजांमुळे ती गोव्याच्या बाजूला येऊन पोचली होती. अबुल फजलचं मौन अकबराच्या मुदपाकखान्याबद्दल आणि तिथल्या बाजाराबद्दल बोलतं. तो ज्या बाजारात गेलाच नाही, त्याबद्दल नाही.

आता कुडल. हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातल्या त्या लेखाच्या शेवटी ‘वाछि तो विजेया होईवा’ असे शब्द आहेत: जो हे वाचील तो विजयी होईल. आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला, आणि निर्विवाद तारीख असलेला सर्वांत जुना मराठी लेख म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं साल काहीजण शके 934 वाचतात, पण त्या वाचनावर वाद आहे. कुडलच्या लेखाचं मोल मोठं आहे. पण त्याआधी मराठी लेख नाही, यावरून काय सिद्ध होतं?

तोच भागाकार करू. इ. स. 900 मध्ये मराठी बोलली जात असती, तर त्या काळचा मराठी लेख आज हाती नसण्याची शक्यता किती? दगडावर कोरून घेणारे राजे, सामंत आणि मठ होते, आणि या भागात दानाची भाषा संस्कृत किंवा कन्नड होती. शेतात, बाजारात, ओव्यांत काय बोललं जातं ते दगडावर आणायचं कुणाला कारणच नव्हतं. कोरलेले दगडही पुढे पायऱ्यांना लागले, चुन्याखाली गेले. म्हणून ही शक्यता शंभरात पंचाण्णव धरायला हरकत नाही. मराठी नसती तर शंभर. शंभर भागिले पंचाण्णव म्हणजे एकाहून किंचित जास्त. पन्नास टक्क्यांचा कौल एकोणपन्नासच्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे या मौनाने आपल्याला जवळपास काहीच सांगितलं नाही.

आणि हे नुसत्या गणितावर सोडायची गरज नाही, कारण हे मौन दुसरीकडे मोडलेलं आहे. उद्योतनसूरी या जैन मुनीने राजस्थानातल्या जालोरला बसून 779 साली ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पुरी केली. तीत बाजारातले देशोदेशीचे व्यापारी कसे बोलतात ते त्याने टिपलं आहे, आणि मरहट्टे लोक ‘दिण्णले, गहियले’ म्हणतात असं लिहिलं आहे. आपण आजही ‘दिले, घेतले’ म्हणतो, तो भूतकाळाचा ‘ल’ तिथे स्पष्ट ऐकू येतो. कुडलच्या दगडाआधी सुमारे दोनशे चाळीस वर्षं! हा पुरावा राजाच्या लेखात सापडला नाही, कारण तिथे तो असण्याचं कारणच नव्हतं.

‘पण आपले ग्रंथ जाळले गेले’ हे उत्तरही याच भागाकाराने तपासावं. ग्रंथ खरोखरच जळले असतील, तर भागाकार एकाच्या जवळ येतो, म्हणजे मौन मुकं होतं, एवढंच. प्राचीन विमानं, अणुअस्त्रं यांचा पुरावा जळाला असं म्हणणाऱ्यांना जळालेल्या पानातून ‘नव्हतं’ मिळत नाही, तसं ‘होतं’ही मिळत नाही. उलट जाळपोळीतून वाचलेलं धातुशास्त्र, खगोलशास्त्र भरपूर आहे, आणि विमान उडवायला लागणाऱ्या शेकडो वस्तूंपैकी एकही त्यात किंवा जमिनीत सापडत नाही. इतकी सगळी मौनं एकाच वेळी निव्वळ जळण्याने समजावता येत नाहीत.

मात्र मौनं मोजतानाही जपावं लागतं. दहा वैद्यकग्रंथांत एखादी वनस्पती नाही म्हणून दहा वेळा गुणाकार करायचा नसतो. त्यातल्या नऊ जणांनी पहिल्यावरूनच उतरवून घेतलं असेल, तर साक्षीदार एकच आहे.

सगळ्यांत मजेदार प्रकरण ‘मानसोल्लासा’तल्याच इड्डरिकेचं आहे. ही इडलीची पूर्वज मानली जाते. सोमेश्वर तिच्यासाठी उडदाचं पीठ सांगतो, मिरे, जिरं, हिंग सांगतो. तांदूळ नाही, आंबवण्याचा उल्लेख नाही. हे पाहून काही अभ्यासकांनी म्हटलं की आंबवलेली इडली नंतर बाहेरून आली. या एकाच पाककृतीतली दोन मौनं वेगवेगळी तोलायला हवीत. साहित्याची नावं देणारा माणूस तांदळासारखा मुख्य जिन्नस विसरणं अवघड आहे, म्हणून बाराव्या शतकात तिथे तांदळाची इड्डरिका नसावी, हा निष्कर्ष मला पटतो. पण पीठ रात्रभर ठेवणं ही स्वयंपाकघरात कुणी कुणाला न सांगता होणारी गोष्ट आहे. ती न लिहिल्याने ती नव्हती असं ठरत नाही, आणि तेवढ्यावरून इडलीला समुद्रापारची ठरवणं मला मान्य नाही.