चार दिवस एकच शेर : सूफी विरहकाव्य आणि कव्वालीची तकरार

दिल्लीत 1235 साली चिश्ती या सूफी परंपरेतले संत कुतबुद्दीन बख्तियार काकी एका मैफलीत बसले होते. अशा मैफलीला सूफी लोक ‘समा’ म्हणतात. समा म्हणजे ऐकणं, आणि इथे गाणाऱ्यापेक्षा ऐकणारा महत्त्वाचा असतो. गाणारे खुरासानातल्या अहमद-ए-जाम यांचा फारसी शेर गात होते :

कुश्तगाने खंजरे तस्लीम रा
हर जमाँ अज गैब जाने दीगर अस्त

शरणागतीच्या खंजिराने जे मारले गेले, त्यांना क्षणोक्षणी अदृश्यातून नवा प्राण मिळतो, असा त्याचा अर्थ. काकींचं भान हरपलं. त्यांना घरी आणलं, तरी तोच शेर म्हणत राहा, एवढंच त्यांचं मागणं होतं. नमाजाची वेळ झाली की ते भानावर यायचे, नमाज पढायचे आणि पुन्हा त्या शेरात बुडायचे. चार दिवस आणि चार रात्री असं चाललं आणि मग त्यांनी देह ठेवला. मेहरौलीला त्यांचा दर्गा आहे.

हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांत त्याच परंपरेतले संत निजामुद्दीन औलिया यांची संभाषणं टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिजझी आहे. मोहम्मद तुघलकाच्या काळात तो दौलताबादेला आला. त्याची कबर आपल्या खुलताबादेत आहे.

शेरात ‘देव’ हा शब्द कुठेही नाही, हे पाहण्यासारखं आहे. मारणारा कोण हेही सांगितलेलं नाही. फारसी प्रेमकवितेची ही सोयच आहे. त्या भाषेत सर्वनामाला आणि क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे प्रियकर, प्रेयसी, गुरू आणि ईश्वर हे चौघेही ‘ऊ’ या एकाच सर्वनामात मावतात. हिंदवीत, म्हणजे त्या काळच्या हिंदीत, मात्र बोलणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापदच सांगून टाकतं. तिथे इथल्या मातीतली विरहिणी उपयोगी पडली. जीव स्त्री झाला आणि ईश्वर ‘पिया’. अमीर खुसरोच्या नावावर असलेल्या ‘जे हाले मिस्कीं’ या गझलेत कधी अर्धी ओळ फारसी आणि अर्धी हिंदवी, तर कधी एक ओळ फारसी आणि दुसरी हिंदवी आहे. फारसीतला आशिक हिंदवीत येताच ‘सखी’ला हाक मारू लागतो. ज्ञानदेवांच्या विरहिण्या ऐकलेल्या कानाला ते वळण परकं वाटू नये.

अर्थ असा मोकळा ठेवला की धोकाही आला. तोच शेर दारूच्या मैफलीतही शोभतो. म्हणून निजामुद्दीनांनी समाला अटी घातल्या होत्या : गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचं मन ईश्वराकडे असावं, शब्द अचकट नसावेत आणि वाद्यं नसावीत. शेवटची अट पुढे टिकली नाही. आजच्या दर्ग्यातली कव्वाली पेटी आणि ढोलकीशिवाय होत नाही.

अर्थाला दिशा देण्याचं काम कव्वाल करतो. आधी पेटीवर नुसती धून वाजते. मग मुख्य गायक शेर तालाशिवाय म्हणतो, म्हणजे शब्द स्वच्छ कानावर पडतात. त्यानंतर ठेका आणि टाळ्या सुरू होतात. पहिली ओळ, म्हणजे पहिला मिसरा, तो पुन्हा पुन्हा घेतो आणि दुसरी राखून ठेवतो. वरच्या शेरात याचा परिणाम मोठा आहे. पहिल्या ओळीत फक्त ‘मारले गेलेले’ आहेत, त्यांचं काय होतं ते सांगितलेलं नाही. वाक्य अर्धं लटकतं. साथीदार ती ओळ उचलतात, स्वर चढतो आणि मगच ‘जाने दीगर’ येतं. या पुनरावृत्तीला तकरार म्हणतात. मध्येच दुसऱ्या कवितेतला जुळता तुकडा जोडला, तर ती गिरह, म्हणजे गाठ. चांगली गिरह अर्थ ईश्वराकडे वळवते. निव्वळ टाळी मिळवायला घातलेली गिरह त्याच ओळीला बाजारात आणून बसवते.

गाताना कव्वालाची नजर समोर असते. कुणाची मान हलू लागली, कुणी उठून उभा राहिला, तर त्याला कोणत्या शब्दावर ‘हाल’, म्हणजे भान हरपण्याची अवस्था, आला हे ओळखून तेवढाच तुकडा धरायचा. तो माणूस शांत होईपर्यंत पुढे जायचं नाही. नवशिका इथेच चुकतो : मैफल रंगली म्हणून उत्साहाने पुढचा शेर घेतो आणि धागा तुटतो. ताल इतका चढवायचा की शब्द टाळ्यांखाली बुडतात, ही दुसरी नेहमीची चूक.

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका आल्या. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. एवढ्यात धून, मुखडा आणि दोन-तीन शेर बसवायचे, तर कात्री तकरारीवरच चालणार. शिवाय स्टुडिओत समोर ऐकणारा नव्हता, त्यामुळे कुठे थांबायचं हे सांगणारंही कुणी उरलं नाही.